वेष्टनच औषध निघालं

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात एक इवलीशी गोळी हमखास असते. बहुतेकदा ७५ मिलिग्रॅमची, दुपारच्या जेवणानंतर घ्यायची. घरात तिला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. ती ॲस्पिरिनची गोळी. रक्त पातळ करणं, म्हणजे त्याचा दाटपणा कमी करणं, हे काम ती मुळीच करत नाही. रक्त होतं तेवढंच दाट राहतं. ती जे करते ते वेगळंच आहे.

या गोळीचं एक कोडं आहे. पोटातून रक्तात उतरलेलं ॲस्पिरिन दर पंधरा-वीस मिनिटांनी निम्म्यावर येतं. दुपारी दोनला घेतलेल्या गोळीतलं मूळ ॲस्पिरिन संध्याकाळच्या चहापर्यंत रक्तात जवळपास उरलेलंच नसतं. पण त्याच माणसाला पाच दिवसांनी दात काढायचा असेल, तर दंतवैद्य विचारतात, ‘ॲस्पिरिन चालू आहे का? शेवटची गोळी कधी घेतली?’ औषध काही तासांत शरीरातून जातं आणि त्याचा परिणाम मात्र आठ-दहा दिवस रेंगाळतो, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर ॲस्पिरिनच्या रेणूच्या एका छोट्या तुकड्यात आहे. गंमत अशी, की हा तुकडा ज्यांनी जोडला त्यांनी तो औषध म्हणून जोडला नव्हता. तो त्यांच्या लेखी नुसतं वेष्टन होता.

गोष्टीची सुरुवात झाडाच्या सालीपासून होते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात चिपिंग नॉर्टन नावाचं गाव आहे. तिथले पाद्री एडवर्ड स्टोन यांनी एकदा विलोची साल सहज चघळून पाहिली. ती विलक्षण कडू लागली. हिवतापावर त्या काळी सिंकोनाची साल वापरत, आणि तीही अशीच कडू. ती दूर दक्षिण अमेरिकेतून यायची आणि महाग पडायची. स्टोन यांनी आपल्या भागातली विलोची साल गोळा केली, भटारखान्याच्या भट्टीला टेकवून तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटून चूर्ण केलं आणि थंडी वाजून ताप येणाऱ्या सुमारे पन्नास जणांना ते पाण्यातून वगैरे दिलं. बहुतेकांना उतार पडला. १७६३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. सिंकोनाची तुलना मात्र चुकीची होती. सिंकोना हिवतापाच्या जंतूंवर चालते, विलोची साल फक्त ताप आणि दुखणं कमी करते. चुकीच्या तर्काने माणूस कधी कधी बरोबर दारापाशी पोचतो, तसं हे झालं.

विलो आपल्याला अगदीच परका नाही. क्रिकेटची चांगली बॅट ज्या लाकडाची बनते तो पांढरा विलोच. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे ओढ्याकाठी वाढतो, त्याला वाळुंज म्हणतात.

१८२८ साली म्युनिकमध्ये योहान बुखनर यांनी विलोच्या सालीतून कडू, पिवळसर स्फटिक वेगळे काढले. विलोच्या लॅटिन नावावरून, म्हणजे सॅलिक्सवरून, त्यांना ‘सॅलिसिन’ हे नाव पडलं. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी लरू यांनी ते अधिक शुद्ध स्वरूपात मिळवलं. सॅलिसिन म्हणजे साखरेचा एक रेणू आणि त्याला जोडलेलं कार्बनचं एक कडं. १८३८ साली इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया यांनी त्यातली साखर सोडवली आणि उरलेल्या भागापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केलं. सालीचा काढा प्यायल्यावर आपल्या शरीरातही थोडंफार हेच घडतं. आतड्यात आणि यकृतात सॅलिसिनचं सॅलिसिलिक आम्ल होतं आणि ते ताप उतरवतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ॲस्पिरिन विलोच्या सालीत सापडलं’ हे वाक्य आपण सगळीकडे वाचतो, पण सालीत ॲस्पिरिन नसतं. सालीत असतं ते सॅलिसिन, आणि त्यापासून पोटात बनतं ते सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिन हा माणसाने कारखान्यात घडवलेला रेणू आहे. विलोची साल आणि हृदयरोग्याची गोळी यांच्यात एका छोट्याशा तुकड्याचा फरक आहे आणि सगळी गोष्ट त्या तुकड्याचीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात स्वस्तात तयार होऊ लागलं होतं. संधिवाताचे रोगी ते रोज कित्येक ग्रॅम घ्यायचे. सांधे सुटायचे, पण तोंड आणि घसा भाजायचा, पोटात आग पडायची, मळमळायचं. जर्मनीतल्या बायर कंपनीत १८९७ च्या ऑगस्टमध्ये फेलिक्स हॉफमन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने या आम्लाला ॲसिटिल नावाचा गट जोडून स्थिर आणि शुद्ध पदार्थ बनवला. ॲसिटिल म्हणजे दोन कार्बन, एक ऑक्सिजन आणि तीन हायड्रोजन यांचा चिमुकला गट. व्हिनेगारमधल्या ॲसिटिक आम्लातही तोच असतो. असा जोड त्याआधी १८५३ साली शार्ल गेऱ्हार्ट यांनीही दिला होता, पण त्यांचा पदार्थ अशुद्ध होता. बायरमधलं श्रेय हॉफमनचं की त्यांचे सहकारी आर्थर आयखेनग्र्यून यांचं, हा वाद नंतर बरीच वर्षं चालला. १८९९ मध्ये औषधाला नाव मिळालं ‘ॲस्पिरिन’. त्यातला ‘ॲ’ ॲसिटिलचा. ‘स्पिर’ स्पायरियाचा, कारण या वनस्पतीतही तेच आम्ल सापडलं होतं.

तेव्हाची समजूत अशी होती, की ॲसिटिल हा केवळ कडू गोळीवरचा साखरेचा लेप आहे. तोंडात आणि पोटात त्याने आम्लाचा जाच कमी करायचा, पुढे शरीरात गळून पडायचं आणि आतलं खरं औषध, म्हणजे सॅलिसिलिक आम्ल, मोकळं करायचं. ॲसिटिल शरीरात गळून पडतं, हे खरंच आहे. ते कुठे पडतं, हे कळायला मात्र पाऊणशे वर्षं लागली.

पहिला सुगावा लागला तो रक्तस्रावातून. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथले डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन घशातल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया करत. दुखू नये म्हणून ते रोग्यांना ॲस्पिरिन घातलेला चघळायचा गम देत. जे तो जास्त चघळत त्यांच्या जखमा थांबता थांबेनात, असं त्यांच्या लक्षात आलं. ॲस्पिरिनमुळे रक्त गोठायला उशीर होत असेल, तर हृदयाच्या रोहिणीत गुठळी होण्यालाही त्यामुळे अटकाव होईल, असा सरळ तर्क त्यांनी केला. १९५० च्या सुमारास ते आपल्या मध्यमवयीन पुरुष रोग्यांना रोज ॲस्पिरिन देऊ लागले आणि झटके टळल्याचं लिहू लागले. पण तुलनेसाठी गोळी न घेणारा गट त्यांच्याकडे नव्हता आणि त्यांचे लेख छोट्या नियतकालिकांत छापले गेले. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतःच हृदयविकाराने गेले.

क्रेव्हन यांनी जे पाहिलं ते समजण्यासाठी रक्तातल्या प्लेटलेटची ओळख हवी. मराठीत त्यांना रक्तबिंबिका म्हणतात, पण डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हाच शब्द घरोघर पोचवला आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. त्या पूर्ण पेशी नसतात. हाडांच्या मगजात मोठाल्या पेशी असतात, त्यांचे काठ तुटून जे तुकडे रक्तात येतात त्या प्लेटलेट. तुकडाच असल्यामुळे त्यांच्यात केंद्रक नसतं. हे वाक्य लक्षात ठेवायचं, पुढे लागणार आहे.

बोट कापलं की रक्तवाहिनीचं अस्तर फाटतं आणि खालचे धागे उघडे पडतात. जवळून वाहणारी प्लेटलेट त्या धाग्यांना चिकटते आणि चेतवली जाते. तिच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल नावाचं एक लांबट मेदाम्ल सुटतं. कॉक्स नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ते उचलतं आणि त्याला ऑक्सिजन जोडतं. पुढच्या टप्प्यात त्यापासून थ्रॉम्बॉक्झेन बनतं. थ्रॉम्बॉक्झेन ही प्लेटलेटची हाक आहे. ‘इकडे या, चिकटा’ एवढाच तिचा अर्थ. ही हाक अर्ध्या मिनिटात निम्मी विरते, म्हणून ती जखमेच्या आसपासच ऐकू जाते. ऐकणारी प्रत्येक प्लेटलेट स्वतःही तीच हाक देते आणि पाहता पाहता बुच तयार होतं. बोटावर हे वरदान आहे. पण हृदयाच्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर फुटला, तर प्लेटलेटला ती जखमच वाटते. दोन-तीन मिलिमीटर रुंद वाहिनीत बुच बसलं की पुढचा स्नायू मरू लागतो. तोच हृदयविकाराचा झटका.

१९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी गिनिपिगच्या फुप्फुसाचा अर्क घेऊन दाखवलं, की ॲस्पिरिन हे कॉक्सचं काम थांबवतं. पुढे १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता तो प्रॉस्टाग्लँडिन नावाच्या संदेशक रसायनांवरच्या या कामासाठी. पण काम थांबवणं दोन तऱ्हांचं असू शकतं. औषध विकराला येऊन चिकटलं आणि काही वेळाने सुटलं, ही एक तऱ्हा. विकराचं कायमचं काहीतरी बिघडलं, ही दुसरी. ॲस्पिरिनचं कोणतं?

याचा निकाल १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जेराल्ड रॉथ आणि फिलिप मजेरस यांनी लावला. त्यांचा प्रयोग समजायला सोपा आहे. त्यांनी असं ॲस्पिरिन वापरलं, की ज्याच्या ॲसिटिल गटातले हायड्रोजन किरणोत्सारी होते. म्हणजे त्या तुकड्याच्या गळ्यात घंटा बांधली आणि तो कुठे जातो ते पाहिलं. प्लेटलेटवर हे ॲस्पिरिन टाकलं, तेव्हा किरणोत्सार प्लेटलेटच्या आवरणातल्या एका प्रथिनावर जाऊन बसला. ते प्रथिन म्हणजे कॉक्स. मग त्यांनी साधं ॲस्पिरिन घेतलेल्या माणसांच्या प्लेटलेट काढून त्यांच्यावर हेच किरणोत्सारी ॲस्पिरिन टाकलं. त्या प्रथिनावर आता काहीच बसेना, कारण जागा आधीच भरलेली होती. गोळी घेतल्यानंतर दोन दिवस हीच स्थिती राहिली आणि जागा पूर्ववत रिकाम्या दिसायला दहा-बारा दिवस गेले. म्हणजे ॲसिटिल गळून पडतं ते वाऱ्यावर नाही. ते कॉक्सवर पडतं आणि तिथेच राहतं.

नेमकं कुठे, हे नंतरच्या वर्षांत क्ष-किरणांनी मिळालेल्या रेखाचित्रांतून उघड झालं. कॉक्सचा रेणू आतून पोकळ आहे. त्यात एक लांब, अरुंद बोळ आहे. बोळाच्या तोंडाशी आर्जिनिन नावाचं एक ॲमिनो आम्ल पहाऱ्याला असतं. अगदी आतल्या टोकाला टायरोसिन नावाचं दुसरं ॲमिनो आम्ल असतं आणि ऑक्सिजन जोडण्याचं खरं काम तिथे चालतं. ॲराकिडोनिक आम्लाला तोंडापासून त्या टोकापर्यंत सरपटत जावं लागतं. वाटेत, टोकाच्या अलीकडे, भिंतीतून सेरिन नावाचं ॲमिनो आम्ल डोकावतं. साखळीतल्या क्रमाने त्याचा नंबर ५३०. हे सेरिन कॉक्सच्या कामात स्वतः काही करत नाही. प्रयोगशाळेत ते बदलून त्याच्या जागी दुसरं लहान ॲमिनो आम्ल बसवलं, तरी कॉक्सचं काम चालू राहतं. ते फक्त मोक्याच्या जागी उभं आहे.

ॲस्पिरिनचा रेणू बोळात शिरतो. त्याचा सॅलिसिलिक आम्लाचा भाग आर्जिनिनपाशी क्षणभर टेकतो आणि त्यामुळे ॲसिटिलचं टोक बरोबर सेरिनसमोर येतं. ॲसिटिल ॲस्पिरिनला सोडतं आणि सेरिनला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलं जातं. उरलेलं सॅलिसिलिक आम्ल बाहेर निघून जातं. कुलपात किल्ली घालावी, ती मोडावी, मूठ आपल्या हातात यावी आणि पातं आतच राहावं, तसं हे आहे. आता ॲराकिडोनिक आम्ल आलं, तरी ॲसिटिलच्या अडथळ्यामुळे ते टायरोसिनपर्यंत पोचत नाही. थ्रॉम्बॉक्झेन बनत नाही. हाक उमटत नाही.

विलोची साल इथे कमी पडते. तिच्यातून मिळणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाकडे किल्लीची मूठ आहे, मोडून राहील असं पातं नाही. ताप आणि दुखणं त्याने उतरतं, पण प्लेटलेटवर त्याचा असर होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून ‘नैसर्गिक ॲस्पिरिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सालीच्या चूर्णाने हृदयरोग्याच्या गोळीचं काम होणार नाही. ज्याला वेष्टन समजले तेच इथलं औषध आहे.

आता केंद्रकाची गोष्ट. ॲस्पिरिन कॉक्सला इतरत्रही गाठतं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातसुद्धा. पण अस्तराच्या पेशीत केंद्रक असतं. तिथे नव्या कॉक्सचा आराखडा तयार असतो आणि काही तासांत पेशी नवं विकर घडवते. अस्तर आपल्या कॉक्सच्या मदतीने प्रॉस्टासायक्लिन बनवतं. ते प्लेटलेटना ‘चिकटू नका’ म्हणून सांगतं. म्हणजे तेही बंद पडणं आपल्याला नको असतं आणि ते फार काळ पडतही नाही. प्लेटलेटकडे केंद्रक नाही, तेव्हा आराखडाही नाही. मगजातून निघताना जी शिदोरी मिळाली तिच्यावरच तिला आठ-दहा दिवसांचं आयुष्य काढायचं असतं. तिचं कॉक्स एकदा बंद पडलं की ती मरेपर्यंत बंद. ‘कायमचं’ या शब्दाचा अर्थ इथे एवढाच आहे, प्लेटलेटच्या आयुष्यापुरतं कायमचं. आपल्या नाही.

७५ मिलिग्रॅम ही मात्रा हास्यास्पद वाटावी इतकी कमी आहे. डोकेदुखीला ३०० ते ६०० मिलिग्रॅम लागतं. पण हिशेब करून पाहू. ७५ मिलिग्रॅममध्ये ॲस्पिरिनचे जेवढे रेणू असतात ते पाच लिटर रक्तातल्या सगळ्या प्लेटलेटमध्ये वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस कोटींच्या आसपास येतात. त्यातले निम्मे आतडं आणि यकृत यांतच मोडून जातात, तरी पुरेसे उरतात. शिवाय एक योग जुळून आला आहे. आतड्यातून शोषलेलं ॲस्पिरिन आधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत येतं. प्लेटलेट त्या शिरेतून सतत फिरत असतात आणि तिथेच त्यांची गाठ कोऱ्या, न मोडलेल्या ॲस्पिरिनशी पडते. यकृतापलीकडे, उरलेल्या शरीरात, त्यातलं अर्धंच पोचतं. लहान मात्रा अशी प्लेटलेटना जास्त आणि बाकीच्या शरीराला कमी लागते.

मग गोळी रोजच का? कारण मगज रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट नव्याने सोडतं आणि थ्रॉम्बॉक्झेनच्या बाबतीत थोडक्यावर भागत नाही. प्लेटलेट चिकटण्यावर परिणाम दिसायला त्याचं उत्पादन पंचाण्णव टक्क्यांहून अधिक बंद पडावं लागतं. गर्दीत दहा जणांचा आवाज बसला आणि एकाचा शाबूत असला, तर तो एकटाही हाक मारू शकतो. रोमचे कार्लो पात्रोनो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की शरीराच्या दर किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी ॲस्पिरिन रोज दिलं, तर परिणाम साठत जातो आणि काही दिवसांत थ्रॉम्बॉक्झेन जवळपास पूर्ण बंद होतं. त्यांची चाचणीही साधी होती. काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, शरीराच्या तापमानाला तासभर गोठू द्यायचं आणि त्यात किती थ्रॉम्बॉक्झेन तयार झालं ते त्याच्या टिकाऊ अवशेषावरून मोजायचं.

आता सुरुवातीचा दाताचा प्रसंग हिशेबाला घेऊ. समजा, वर्षभर रोज गोळी घेणाऱ्या माणसाने रविवारी शेवटची गोळी घेतली. सोमवारी फारसा फरक नाही, कारण मगजातल्या मोठ्या पेशींनाही ॲस्पिरिनचा स्पर्श झालेला असतो आणि पहिल्या नव्या प्लेटलेटही मुक्याच निघतात. मंगळवारी ढोबळमानाने एक दशांश प्लेटलेट बोलत्या. बुधवारी दोन दशांश, गुरुवारी तीन. रक्त नेहमीसारखं थांबायला साधारण वीस टक्के चांगल्या प्लेटलेट पुरतात, म्हणून तीन ते पाच दिवसांत बहुतेकांची जखम वेळेवर भरू लागते. सगळ्याच्या सगळ्या प्लेटलेट नव्या व्हायला दहा दिवस लागतात. याच हिशेबामुळे मोठ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर काही वेळा पाच-सात दिवस गोळी थांबवतात.

पण हाच हिशेब उलट बाजूने वाचायला हवा. रक्त थांबायला लागणाऱ्या वीस टक्के बोलत्या प्लेटलेट स्टेंटमध्ये गुठळी करायलाही पुरतात. म्हणून दात काढण्यासारख्या छोट्या कामासाठी आज बहुतेक डॉक्टर ॲस्पिरिन चालूच ठेवतात आणि जखमेवर कापूस दाबून, टाका घालून रक्त थांबवतात. स्वतःच्या मनाने चार दिवस गोळी सोडणं स्टेंटवाल्या माणसाला महागात पडू शकतं.

बिघाड होण्याची आणखी एक वाट आहे आणि ती घरातूनच जाते. गुडघेदुखीसाठी अनेक जण आयबुप्रोफेन घेतात. तेही कॉक्सच्या त्याच बोळात शिरतं, पण काही तोडत-जोडत नाही. एसटीच्या खिडकीतून जागेवर रुमाल टाकावा, तसं ते काही तास जागा अडवून बसतं. त्या वेळात ॲस्पिरिन आलं, तर त्याला आत जाता येत नाही, आणि ॲस्पिरिनला थांबायला वेळ नसतो. तासा-दोन तासांत ते मोडून संपतं. पुढे आयबुप्रोफेनचा रुमालही उचलला जातो आणि कॉक्स पुन्हा कामाला लागतं. गोळी घेतली, पण प्लेटलेटला कळलंच नाही, असा प्रकार होतो. म्हणून कधीमधी आयबुप्रोफेन लागलंच, तर साधं, लेप नसलेलं ॲस्पिरिन आधी घ्यावं आणि आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासानंतर, असा सल्ला दिला जातो. लेप असलेली गोळी आतड्यात सावकाश विरघळते, तिच्यासाठी हे गणित बसत नाही. रोजच्या सांधेदुखीसाठी दुसरं औषध डॉक्टरांकडून मागून घेणं बरं.

लेपाबद्दल आणखी दोन गोष्टी. लेप पोटाला पूर्ण वाचवतो ही समजूत बरोबर नाही. जठराचं अस्तरही कॉक्सच्या मदतीनेच स्वतःवर संरक्षक थर राखतं आणि रक्तातून आलेलं ॲस्पिरिन तिथेही पोचतं. काळी शी, कॉफीच्या गाळासारखी उलटी, कारण नसताना येणारा थकवा ही पोटातल्या रक्तस्रावाची लक्षणं आहेत. दुसरं म्हणजे छातीत दुखून झटक्याचा संशय येतो आणि डॉक्टर ॲस्पिरिन द्यायला सांगतात, तेव्हा लेपाची गोळी गिळून वेळ जातो. तेव्हा मोठ्या मात्रेची साधी गोळी चावून खायला सांगतात. म्हणजे ती लवकर शोषली जाते आणि अर्ध्या तासाच्या आत प्लेटलेटची हाक बंद होते.

त्या हाकेची किंमत किती, ते १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या अभ्यासातून कळलं. झटका आलेल्या सतरा हजारांहून अधिक रोग्यांत काहींना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच आठवड्यांत बिनऔषधी गटातले शंभरात जवळजवळ बारा जण रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले आणि ॲस्पिरिनच्या गटातले साडेनऊच्या आत. क्रेव्हन यांच्याकडे नसलेला तुलनेचा गट अखेर इथे मिळाला.

पण ॲस्पिरिन फक्त एक हाक बंद करतं. प्लेटलेटना चेतवणारी रसायनं आणखीही आहेत, त्यांचे रस्ते उघडेच राहतात. म्हणून स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं औषध देतात, आणि म्हणूनच ॲस्पिरिन घेणाऱ्याचं कापलेलं बोट उशिरा का होईना पण थांबतं. ज्यांना झटका कधी आलाच नाही त्यांच्यात हा सौदा बदलतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत निरोगी वृद्धांना रोज ॲस्पिरिन दिल्याने झटके विशेष टळले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले. गुठळी करणारी हाक आणि जखम बुजवणारी हाक एकच आहे. एक बंद करून दुसरी चालू ठेवण्याची सोय या गोळीत नाही.

पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवायचं. डेंग्यूत प्लेटलेटची संख्या आधीच घसरते. त्यात ॲस्पिरिन घेतलं, तर ज्या उरल्यात त्याही मुक्या होतात आणि त्यांना वाचा फुटायला आठवडा लागतो. तापाचं कारण कळेपर्यंत स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्या माणसाला ताप आला, तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आज घेतलेली गोळी उद्या थांबवली, तरी तिने केलेलं काम आणखी आठवडाभर रक्तात फिरत राहणार आहे.